रीडरमधल्या लेखाचा पानक्रमांक कोणता द्यावा?

प्रश्न : एम.ए. समाजशास्त्राच्या प्रबंधिकेसाठी विभागाने दिलेले झेरॉक्सचे रीडर वापरते आहे. त्यात क्लिफर्ड गीर्ट्झ यांचा बालीतल्या कोंबड्यांच्या झुंजीवरचा निबंध पृ. ११८ ते १४६ वर आहे. मूळ पानक्रमांक कडेला कापले गेले आहेत आणि मूळ प्रकाशनाची माहितीही नाही. मजकुरात टिपांचे आकडे दिसतात, पण टिपा कुठेच नाहीत. शेवटच्या पानावरचे, संस्कृती म्हणजे ग्रंथांचा समुच्चय या अर्थाचे वाक्य मला उद्धृत करायचे आहे. त्याच रीडरमध्ये बाबासाहेबांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ नव्याने टाइप करून घातले आहे. मार्गदर्शक म्हणतात, ‘मूळ पान द्या.’ दोन्ही ठिकाणी काय करावे?

उत्तर :

पानक्रमांक हा लेखाचा नसतो, तो लेख ज्या छापील वस्तूत आहे तिचा असतो. त्यामुळे संदर्भसूचीत ज्या वस्तूचे नाव तुम्ही लिहाल, तिचाच पानक्रमांक उद्धरणापुढे आला पाहिजे. सूचीत १९७२ च्या नियतकालिकातला लेख आणि उद्धरणापुढे ‘पृ. १४६’ असे लिहिले, तर तो लेख मुळात ३७व्या पानावर संपतो हे ठाऊक असलेला परीक्षक तिथेच थांबेल. रीडरवरून लिहिलेल्या प्रबंधिकांत ही गफलत सर्वांत जास्त आढळते. म्हणून आधी तुमच्या हातातली प्रत कशावरून काढलेली आहे हे शोधा, संदर्भाच्या शैलीचा विचार त्यानंतर करता येईल.

गीर्ट्झ यांचा हा निबंध प्रथम ‘डीडलस’ या नियतकालिकाच्या खंड १०१, अंक १ मध्ये (हिवाळा १९७२) पृ. १ ते ३७ वर आला. १९७३ साली ‘द इंटरप्रिटेशन ऑफ कल्चर्स’ या त्यांच्या संग्रहात तो शेवटचे प्रकरण म्हणून पृ. ४१२ ते ४५३ वर छापला गेला, आणि २००५ मध्ये ‘डीडलस’नेच खंड १३४, अंक ४ मध्ये पृ. ५६ ते ८६ वर तो पुन्हा प्रसिद्ध केला. म्हणजे एकाच मजकुराला तीन वेगवेगळे पानक्रम आहेत, आणि ‘मूळ पान’ म्हणताना त्यांपैकी कोणते हे ठरवावेच लागते.

तुमच्या प्रश्नातच दोन चांगले धागे आहेत. तुमच्या रीडरमध्ये निबंध २९ पानांचा आहे आणि टिपांचे आकडे असूनही पानांच्या तळाशी टिपा नाहीत. १९७३ च्या पुस्तकात टिपा त्या त्या पानाच्या तळाशी आहेत, त्यामुळे झेरॉक्स पुस्तकावरून काढलेली असती तर त्या आपोआप आल्या असत्या. १९७२ च्या अंकात मात्र मजकूर २९व्या पानावर संपतो आणि टिपा शेवटी एकत्र दिलेल्या आहेत. तेव्हा तुमची प्रत १९७२ च्या अंकावरून काढलेली असून टिपांची पाने कोणीतरी (बहुधा कागद वाचवण्यासाठी) वगळली आहेत, असा तर्क निघतो. केवळ पाने मोजून हे कळले नसते, कारण संपूर्ण लेखाची पाने ३७ भरतात आणि २९ हा आकडा कोणत्याही आवृत्तीच्या पूर्ण पानसंख्येशी जुळत नाही. एका कागदावर समोरासमोरची दोन पाने घेतलेली असतील, तर मोजणीचा हिशेब आणखी बदलतो.

तरीही हा तर्कच आहे, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जेस्टोरवर ‘डीडलस’चा तो अंक उघडा आणि रीडरमधल्या प्रत्येक पानाचा पहिला व शेवटचा शब्द मूळ पानाशी ताडून पाहा. झेरॉक्स ही पानाची हुबेहूब प्रतिमा असते, त्यामुळे पान जिथे तुटते ती जागा दोन्हीकडे एकच असली पाहिजे. ती जुळली, तर रीडरच्या क्रमांकातून ११७ वजा केले की मूळ क्रमांक मिळतो: ११८ म्हणजे १ आणि १४६ म्हणजे २९. मात्र ही वजाबाकी एकाच ठिकाणी ताडून भागत नाही. झेरॉक्स काढताना मधले एखादे पान सुटले, तर पुढचे सगळे हिशेब एकाने चुकतात आणि वाचताना ते चटकन लक्षातही येत नाही. यासाठी एक सोपी खूण सांगतो. बेंथमच्या ‘डीप प्ले’ या कल्पनेचा उल्लेख १९७२ च्या अंकात पृ. १५ वर आहे, म्हणजे तुमच्याकडे तो १३२ वर सापडायला हवा. तो १३१ वर सापडला, तर त्याआधीचे एक पान गहाळ आहे असे समजा. सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी जुळले की निर्धास्त राहावे.

काही रीडरमध्ये एकाच पानावर दोन आकडे असतात आणि कोणता कोणाचा असा गोंधळ होतो. नवा लेख सुरू होताना जो आकडा एकदम उडी मारतो तो मूळ प्रकाशनाचा, आणि जो लेख बदलला तरी न थांबता वाढत जातो तो रीडरचा.

मूळ अंक उघडून पाहिल्यावर रीडरचा उल्लेख करण्याचे कारण उरत नाही. शिकागो पद्धतीच्या तळटिपेत मग एवढेच येईल: क्लिफर्ड गीर्ट्झ, ‘डीप प्ले: नोट्स ऑन द बालिनीज कॉकफाइट’, डीडलस १०१, अंक १ (१९७२): २९. ग्रंथालयात केवळ १९७३ चा संग्रह मिळाला, तर संग्रहाचे नाव लिहून त्यातले पान द्या. हे वाक्य तिथे ४५२ वर आहे. १९७२ चे साल आणि ४५२ हे पान अशी जोडी मात्र करू नका.

मूळ प्रत वेळेत हाती आलीच नाही, तर मी वजाबाकीने काढलेला क्रमांक छापील क्रमांक असल्यासारखा देणार नाही, कारण न पाहिलेल्या पानाची ती ग्वाही ठरते. अशा वेळी तुम्ही खरोखर जे वाचले तेच नोंदवणे योग्य. एमएलए पद्धतीत आधी लेखाची मूळ माहिती, त्यानंतर रीडरचे नाव, संकलकाचे किंवा विभागाचे नाव, वर्ष आणि रीडरमधली पाने (११८–१४६) असा क्रम ठेवता येतो, आणि मजकुरात कंसात १४६ हा आकडा येतो. तळटिपेच्या पद्धतीत मूळ माहिती लिहून पुढे ‘पुनर्मुद्रण: अमुक विभागाचे रीडर, सत्र व वर्ष, पृ. १४६’ असे जोडावे. एपीए पद्धतीत मूळ प्रकाशनाची माहिती पूर्ण असेल तर नोंद मूळ लेखाचीच करतात, आणि विश्वासार्ह पानक्रमांक नसेल तेव्हा लेखातल्या विभागाचे शीर्षक किंवा परिच्छेदाचा क्रमांक देता येतो. तुमच्या वाक्यासाठी ही सोय उत्तम आहे. हा निबंध उपशीर्षकांत विभागलेला असून हे वाक्य ‘सेइंग समथिंग ऑफ समथिंग’ या शेवटच्या विभागात, अगदी अखेरीस येते, आणि तिन्हींपैकी कोणतीही प्रत हाती असली तरी वाचक तिथे पोहोचू शकतो.

रीडरचे सत्र आणि वर्ष लिहायला विसरू नये. पुढच्या वर्षी प्राध्यापकांनी एक लेख काढून दुसरा घातला की सगळे क्रमांक सरकतात. शिवाय रीडर सहसा कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत नसते, ते विभागाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात असते. दिल्ली विद्यापीठाच्या रीडरबाबतच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अध्यापनासाठी अशा प्रती काढण्याच्या बाजूने निकाल दिला हे खरे, पण त्यामुळे रीडर हे प्रकाशित पुस्तक होत नाही. तुमच्या प्रबंधिकेच्या वाचकाला ते पडताळता येत नाही, आणि मार्गदर्शक मूळ पानाचा आग्रह धरतात तो याचसाठी.

आता बाबासाहेबांच्या भाषणाकडे वळू. इथे मजकूर नव्याने टाइप केलेला असल्यामुळे वरची कोणतीही वजाबाकी लागू पडत नाही, कारण पाने तुटण्याच्या जागाच बदललेल्या आहेत. लेखाच्या लांबीवरून अंदाजे प्रमाण काढून पान ठरवणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. तसे अजिबात करू नये. सुदैवाने या भाषणाला स्वतःचे क्रमांकित विभाग आहेत, एकूण २६. आवृत्ती कोणतीही असो, विभागाचा क्रमांक तोच राहतो. उदाहरणार्थ, जातिव्यवस्था म्हणजे केवळ श्रमविभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हा युक्तिवाद चौथ्या विभागात येतो. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस’च्या पहिल्या खंडात तो पृ. ४७ वर आहे. तेव्हा ‘आंबेडकर, विभाग ४, शासकीय खंड १, पृ. ४७’ असे दोन्ही द्यावे. पान फक्त त्या खंडासाठी खरे, आणि विभाग बाकी सर्व प्रतींसाठी उपयोगी. भाषण १९३६ चे आहे हे सांगायचे असेल तर ते साल मूळ प्रकाशनाचे म्हणून वेगळे नोंदवा, ४७ या पानाला ते चिकटवू नका.

टाइप केलेल्या प्रतीचा दुसरा धोका पानक्रमांकाहून मोठा आहे. तिच्यात शब्द गळतात, बदलतात, कधी परिच्छेद जोडले जातात. वर सांगितलेल्या वाक्यात टाइप करणाऱ्याने ‘लेबरर्स’च्या जागी ‘लेबर’ केले, तर सगळा युक्तिवादच नाहीसा होतो आणि वाक्य तरीही व्याकरणशुद्ध दिसते. म्हणून टाइप केलेल्या रीडरमधून अवतरण घेतले की ते शासकीय खंडाशी शब्दशः ताडून पाहावेच. रीडरमध्ये तीन टिंबे दिसली, तर ती लेखकाची आहेत की प्राध्यापकांनी केलेल्या कपातीची, हेही तिथेच कळते. कपातीच्या अलीकडचे आणि पलीकडचे वाक्य एकाच अवतरणात घेतले, तर मूळ लेखकाने सलग न लिहिलेले विधान त्याच्या नावावर जमा होते.

खंडाची पीडीएफ वापरणार असाल, तर पडद्यावरच्या पट्टीत दिसणारा आकडा उचलू नका. तो मुखपृष्ठ आणि प्रस्तावनेची पाने धरून मोजलेला असतो. पानावर जो आकडा छापलेला दिसतो तोच घ्यावा.

या दोन लेखांव्यतिरिक्त रीडरमधल्या एखाद्या उताऱ्याचा मूळ स्रोतच माहीत नसेल, तर त्यातला सहा-सात शब्दांचा वैशिष्ट्यपूर्ण तुकडा अवतरणचिन्हांत घालून गूगल बुक्समध्ये शोधा. ओळ तुटताना दोन भागांत विभागलेला शब्द त्यात घेऊ नका. पुस्तक सापडले की त्याचे शीर्षकपान उघडून आवृत्ती आणि वर्ष पाहा, आणि मगच त्याचे पान लिहा. त्यातूनही काही हाती लागले नाही, तर अभ्यासक्रम शिकवणाऱ्या प्राध्यापकांना सरळ विचारावे. झेरॉक्स ज्या प्रतीवरून निघाली ती बहुतेक वेळा त्यांच्याच कपाटात असते.