आखूड कुर्ती, घेरदार पलाझो: पेहरावाचं वर्णन लिहिताना

‘पांढरी कुर्ती, निळा पलाझो’ एवढ्यावर थांबू नकोस. रंग कळतो, पण अंगावर ते कसं दिसतंय हे कळत नाही. आधी वरच्या कपड्याची कड नेमकी कुठे संपते ते लिही: कमरेवर, मांडीच्या मध्यावर की गुडघ्याखाली? नजर त्या आडव्या रेषेवर अडते. कुर्ती कमरेशी संपली तर पाय लांब वाटतात. मांडीच्या मध्यावर संपली की उंची जवळजवळ अर्धी-अर्धी कापली जाते.

मग घेर. नुसतं ‘सैल’ पुरत नाही. ‘खांदे उतरलेला, मांडीपर्यंतचा ढगळ शर्ट, खाली घोट्याशी निमुळती होणारी सिगारेट पँट’ असं लिही. वरचा ढगळपणा खालच्या अरुंद पायांमुळेच उठतो, म्हणून दोन्ही एकाच वाक्यात हवेत. खाली पलाझो असेल तर वरचं आखूड आहे की खोचलेलं, ते सांगच. नाहीतर वाचणाऱ्याला कंबर सापडत नाही. (दोन्ही सैल घालू नये असं मुळीच नाही, पण मग मनगट किंवा घोटा उघडा आहे का ते लिही.)

‘क्रॉप टॉप’ लिहिताना पँटची कंबर किती उंच तेही दे. कंबर उंच असेल तर त्याच टॉपखाली पोट दिसतही नाही.