'ट्रेसेस' म्हणजे थोडंसं नव्हे

प्रश्न: मुलाला (वय 5) शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. बिस्किटाच्या पुड्यावर 'मे कन्टेन ट्रेसेस ऑफ नट्स' असं छापलंय. ट्रेसेस म्हणजे अगदी थोडंसं ना, मग एखादं दिलं तर चालेल का? आणि ॲलर्जन म्हणजे ॲलर्जीच का? (ऐरोलीहून)

आधी देऊ नका, मग बाकीचं वाचा.

तुम्ही 'ट्रेसेस' या शब्दावर अडकलात, पण त्या ओळीतला खरा शब्द 'मे' आहे. ट्रेस म्हणजे मुळात माग, मागे राहिलेली खूण. डिक्शनरीत 'अंश', 'लवलेश' असे अर्थ मिळतात आणि ते वाचून आपल्या डोक्यात "आहे, पण नगण्य आहे" असं बसतं. पुड्यावरची ओळ तसं म्हणतच नाही, ती म्हणते की दाणे आले असतील, नसतीलही, आणि आले असले तर किती ते आम्ही मोजलेलं नाही. आपल्याकडच्या लेबलच्या नियमात (2020 चा, एफएसएसएआयचा) वाक्य नुसतं 'मे कन्टेन' आणि पुढे पदार्थाचं नाव एवढंच आहे, 'ट्रेसेस' हा कंपन्यांनी आपल्या पदरचा घातलेला शब्द आहे आणि त्याच्यामागे अमुक मिलिग्रॅमच्या खाली असं कुठलंही माप नाही. म्हणून 'मे कन्टेन पीनट्स' पेक्षा 'मे कन्टेन ट्रेसेस ऑफ पीनट्स' सौम्य, असं समजू नका, दोन्ही ओळी सारख्याच वाचायच्या.

घरातलं उदाहरण घ्या. मिक्सरच्या भांड्यात दाण्याचा कूट केला, भांडं नुसतं विसळलं आणि त्यातच खोबऱ्याची चटणी वाटली. चटणीत दाणे घातलेले नाहीत, कुणी विचारलं तर आपण नाहीच म्हणू. पण पात्याखाली कूट चिकटून बसलेला असतो, तो एखाद्या वेळी अजिबात सुटत नाही आणि एखाद्या वेळी चण्याएवढा गोळा सुटून नेमका एकाच वाटीत जातो. कारखान्यातही हेच, एकाच लाईनवर सकाळी दाण्याची बिस्किटं आणि दुपारी साधी. चॉकलेटचं तर आणखी अवघड, कारण पाणी लागलं की चॉकलेट घट्ट होऊन बिघडतं, म्हणून ती यंत्रं पाण्याने धुता येत नाहीत, पुढचं चॉकलेट ढकलूनच आधीचं बाहेर काढतात आणि पहिल्या काही वड्यांत आधीचा माल जास्त येऊ शकतो. म्हणजे गेल्या वेळचा पुडा सोसला म्हणून हाही सोसेल, असं म्हणता येत नाही.

आणि खरोखरच थोडंसं असलं तरी? एका शेंगदाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम प्रथिन असतं आणि फार संवेदनशील मुलांना त्यातलं एक-दोन मिलिग्रॅमही पुरतं, म्हणजे एका दाण्याचा शंभरावा भाग. तुमच्या मुलाला किती सोसतं ते त्याच्या ॲलर्जीच्या डॉक्टरांनाच विचारा, पुड्यावरून ते ठरवता येणार नाही.

आता ॲलर्जन. ॲलर्जी म्हणजे शरीराची प्रतिक्रिया, अंगावर गांध्या उठणं, ओठ सुजणं, उलटी, धाप, आणि ॲलर्जन म्हणजे ती उठवणारा पदार्थ. मुलाला ॲलर्जी आहे, शेंगदाणा हा ॲलर्जन. माझी आई भाचीच्या काजूबद्दल "तिला वावडं आहे" म्हणते, शब्द गोड आहे, पण वावडं म्हटलं की नौपाड्यातल्या शेजारणी "थोडं खाऊन बघ, सवय होईल" म्हणतात, म्हणून मी हट्टाने ॲलर्जीच म्हणते.

लेबलवर दोन वेगळ्या ओळी शोधा. 'कन्टेन्स' म्हणजे मुद्दाम घातलेलं, 'मे कन्टेन' म्हणजे चुकून आलेलं असू शकतं. तुमच्या पुड्यावर नुसतं 'नट्स' आहे हीच मोठी अडचण, कारण नियमाच्या यादीत पीनट्स आणि ट्री नट्स (काजू, बदाम, अक्रोड वगैरे) अशी दोन नावं आहेत, शेंगदाणा तर झाडाला न लागणारं कडधान्य आहे, आणि नुसत्या 'नट्स'मध्ये कंपनीला काय अभिप्रेत आहे ते कळत नाही. पुड्यावर कस्टमर केअरचा नंबर असतो, तिथे फोन करून "याच लाईनवर शेंगदाणा चालतो का?" असं विचारा, 'नट्स आहेत का' असं नको.

दुसऱ्या कुणाच्या मुलाला तिळाची ॲलर्जी असेल तर हेही सांगून ठेवते, तीळ आणि मोहरी आपल्या त्या सक्तीच्या यादीत नाहीत, तिथे ॲलर्जनची ओळ न बघता घटकांची पूर्ण यादीच वाचावी लागते. आणि फरसाणवाल्याकडच्या सुट्या मालावर तर यातली एकही ओळ नसते, शेव तळली त्याच तेलात मसाला दाणे तळलेले असू शकतात.

घरात आजी-आजोबांसाठी डब्यावर मराठीत लिहायचं असेल तर 'दाण्याचे अंश' असं लिहू नका, 'यात दाणे आलेले असू शकतात, बाळाला देऊ नये' असं लिहा.