बीपीचं इ.स.पू. करू नका, आणि पोरीला घाईही करू नका

'सर, मुलगी पुरातत्त्वात एमए करतेय. ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा उत्खनन अहवाल एका जर्नलसाठी मराठीत करतेय, महिना झाला तरी संपत नाही. आकडे तर उतरवायचेत, एवढं काय? बीपी कुणाला कळणार म्हणून मीच तिला इ.स.पू. लिहायला सांगितलं. तिने हे सोडून एमपीएससीला बसावं असं वाटतं.'

एमपीएससीचं नंतर बोलू, मला काळजी तुमच्या त्या 'मीच सांगितलं'ची वाटली. मुलगी शिकलेली, विषय तिचा, आणि निर्णय तुम्ही देताय, तोही चुकीचा. बीपी म्हणजे ख्रिस्तापूर्वी नव्हे, 1950 सालापासून मागे मोजलेली वर्षं. समजा अहवालात जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीच्या थरातल्या कोळशाची तारीख 3200 ± 100 बीपी आहे. तुमच्या सांगण्याने ती झाली इ.स.पू. 3200. खरं तर 3200 मधून 1950 वजा केले की येतात 1250, म्हणजे तुम्ही त्या वस्तीला जवळजवळ दोन हजार वर्षं मागे ढकललंत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला जोर्वे काळ साधारण इ.स.पू. 1400 ते 700 मानतात, त्यामुळे जोर्वे भांड्यांशेजारी 3200 दिसलं की तपासणारा तिथेच थांबणार, आणि नाव खराब होणार ते मुलीचं.

बरं, हे 1250 सुद्धा शेवटचं नाही, कारण ही तारीख कोळशात उरलेल्या कार्बन-14 वरून काढतात, आणि हवेतलं त्याचं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. ती दुरुस्ती म्हणजे कॅलिब्रेशन केलं की हीच तारीख इ.स.पू. 1450 च्या आसपास जाते. म्हणून अहवालात कॅलिब्रेटेड आहे की नाही हे जसं लिहिलंय तसंच मराठीत यायला हवं, स्वतः हिशोब करून बदलायचं नाही. आणि ते ± 100 गाळायचं नाही, ती तारीख एक ठरलेलं वर्ष नसून पट्टा आहे हे त्यातूनच कळतं.

'आकडे उतरवायचेत' हाही गैरसमजच. अहवालात खापराच्या तुकड्यापुढे भांड्याच्या तोंडाचा व्यास लिहिलेला असतो, तो काठाची वक्ररेषा तक्त्यावर बसवून काढलेला अंदाज असतो, म्हणून मुळातलं 'अंदाजे' गळलं की अंदाजाचं मोजमाप होतं. खोली 1.20 मीटर म्हटली तर ती आजच्या जमिनीपासून की डेटमपासून, म्हणजे मोजायला धरलेल्या ठरीव बिंदूपासून, हे बघावं लागतं, कारण उतारावरच्या खड्ड्यात दोन्हींत बराच फरक पडतो. असं एकेक तपासत गेलं की महिना जातोच हो.

नेट, सेट, एमपीएससी हे रस्ते आहेतच, तिला हवे असतील तर ती बसेल. पण आत्ता तिला सांगा की फाइलमध्ये तुमच्या सांगण्याने जिथे जिथे इ.स.पू. झालंय तिथे मूळ अहवाल समोर ठेवून बीपी परत आण, आणि जिथे खोली कुठून मोजली ते लिहिलेलं नाही तिथे संपादकांना विचार. आणि तेवढे दिवस तुम्ही मध्ये पडू नका.