स्कूपचा हिशेब

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. व्यायामानंतर तासभर छाती धडधडते, हात थरथरतात आणि आपल्याला काहीतरी होणार असं वाटत राहतं, असं तू लिहिलंस. म्हणून तुझ्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला.

दुकानावर दिवसभरात चार छोटे चहा, म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम कॅफीन. चारच्या सुमाराला कडक कॉफी, अंदाजे ८०. सातला पार्क चौकाकडच्या जिममध्ये जाताना प्री-वर्कआउट पावडरचा एक स्कूप, डब्यावर लिहिल्याप्रमाणे २००. बेरीज झाली ४००. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाची वरची मर्यादा एवढीच सांगतात. पण ती मर्यादा आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे, आणि कॅफीन लवकर बाधणाऱ्याला तिच्या बऱ्याच आत त्रास होतो.

यकृत कॅफीन किती वेगाने निकामी करतं, हे माणसागणिक बदलतं. सरासरी पाच तासांत निम्मं उरतं. काहींना त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे सातच्या स्कूपमधलं साधारण १०० मिलिग्रॅम रात्री बारालाही अंगात असतं. झोप बिघडते, सकाळी मरगळ येते, मग चहा वाढतो. त्यातच सोलापूरचा उन्हाळा: घामाने पाणी कमी झालं की नाडी आधीच चढलेली असते. व्यायामाने ती आणखी चढते, कॅफीन ती लवकर उतरू देत नाही, आणि मन या धडधडीलाच धोका समजून घाबरतं. घाबरलं की धडधड वाढते. तुझी भीती खरी आहे, पण तिची सुरुवात बऱ्याचदा डब्यातून होते.

आता असं कर. स्कूप आजपासून बंद. चहा मात्र एकदम तोडू नकोस, नाहीतर दुसऱ्या दिवशी डोकं धरेल. दोन-तीन दिवसांनी एकेक कप कमी कर आणि दोनवर ये. चारची कॉफी सोडवत नसेल तर डिकॅफ घे. तिच्यातही थोडं कॅफीन असतं, कपाला दोन ते पंधरा मिलिग्रॅम, पण तुझ्यासाठी ते चालेल. दुपारनंतर कॉफीची तल्लफ आली, तर तुझ्यासारख्याने डिकॅफच घ्यावी असं माझं मत आहे. व्यायामाआधी पाणी आणि एखादं केळं पुरे.

दोन आठवडे रोज वहीत लिही: काय प्यायलास, किती वाजता, सकाळी उठल्यावर नाडी किती. त्रास गेला तर दिवसाला १०० ते १५० मिलिग्रॅमच्या आत राहा, तेही दुपारपूर्वी.

कॅफीन कमी करूनही धडधड राहिली, ठोके चुकल्यासारखे वाटले, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घे. व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलास, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर दोन आठवडे थांबू नकोस. तपासणी होईपर्यंत जिम बंद ठेव आणि मला फोन कर, मी सोबत येईन.

तुझा,
काका