जानेवारीत कडाड, मे महिन्यात गप्प

प्रश्न: टू-टू, म्हणजे ०.२२ इंच नळीच्या रायफलसाठी जास्त वेगाची गोळी मिळते, तरी स्पर्धेतले नेमबाज हळू गोळी का वापरतात? आणि तो 'कडाड' आवाज नेमका कसला?

मी इंदूरजवळच्या रेंजवर ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून नेमबाजी, खेळायचो. जानेवारीतली सकाळ, ८ अंश तापमान. एकाच डब्यातली काडतुसं, पण काही नुसती 'ठप्प' वाजायची आणि काहींसोबत चाबूक ओढल्यासारखा कडाका यायचा. मी बोल्ट काढून तपासायला बसलो. महूच्या छावणीतून निवृत्त झालेले एक काका शेजारी होते. म्हणाले, "रायफल कशाला उघडतोस? आधी थंडी किती आहे ते बघ!"

हवेतला आवाजाचा वेग शून्य अंशाला सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे त्या सकाळी ३३६. आमची गोळी नळीतून ३३५ ते ३४० ने निघत होती, त्यामुळे निम्म्या ध्वनीच्या पुढे, निम्म्या मागे. मे महिन्यातल्या ४० अंशांत आवाजाचा वेग ३५५ होतो, तेव्हा तोच डबा गप्प. (इंदूरच्या उंचीचा यात काही हात नाही, खेळ तापमानाचा आहे.)

कडाका गोळी 'भिंत फोडते' त्या एका क्षणाचा नसतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असते तोपर्यंत दाबाची शंकूसारखी लाट सोबत ओढत नेते. ती लाट कानावरून गेली की कडाड. बारुदाचा धमाका वेगळा, तो नळीच्या तोंडाशीच होतो.

आता अचूकता. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा अडसर एकदम चढतो आणि गोळीवरच्या धक्कालाटा जागा बदलतात. हवेचा दाब जिथे एकवटतो तो बिंदूही सरकतो, त्यामुळे मुळात किंचित डुलणारी गोळी जास्त डुलू लागते. लांबलचक रायफल गोळीला याचा त्रास फार होतो. टू-टूची आखूड शिशाची गोळी सहसा कोलमडत नाही, पण ध्वनीपेक्षा वेगाने सुटली तर तिला वारा जास्त ढकलतो.

ही गोष्ट मला कित्येक दिवस पटत नव्हती. वाऱ्याने गोळी किती सरकेल हे ती किती वेळ हवेत आहे यावर नसून, हवेमुळे तिला किती उशीर झाला यावर असतं. ३८० ने सुटलेली गोळी ९० मीटर जाईपर्यंत सुमारे ०.०३ सेकंद मागे पडते, ३२६ ची फक्त ०.०२. आडवा वारा सेकंदाला ४ मीटर असेल, तर पहिली १२ सेंटिमीटर सरकते, दुसरी ८. जोरात सोडलेलीच जास्त भरकटते!

म्हणून सामन्याचं काडतूस ३२५-३३० च्या आसपास भरतात, म्हणजे आमच्याकडच्या थंडीतही ते ध्वनीखालीच राहतं. मी तो डबा उन्हाळ्यासाठी ठेवून दिला.