हवा उशिरा भरते? कॉम्प्रेसर बदलण्याआधी घड्याळ लावून पाहा

प्रश्न: माझी १० चाकी गाडी आहे, दर्यापूर भागातून कापसाच्या गाठी वाहतो. सकाळी हवा भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि चालू गाडीतही ब्रेक मारला की काटा लवकर वर येत नाही. मिस्त्री म्हणतो कॉम्प्रेसर गेला, नवाच टाका. गव्हर्नर सेट करून भागेल का?

उत्तर:

भाऊ, कॉम्प्रेसरचे पैसे इतक्यात मोजू नका, आणि गव्हर्नरच्या स्क्रूला तर हातच लावू नका. मी मूर्तिजापूरकडे एअर ब्रेकचंच काम करतो. तुमच्यासारख्या तक्रारीच्या गाड्या नेहमी येतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा कॉम्प्रेसर चांगला निघतो.

आधी गव्हर्नरचं सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो वेगळा नसतो, अनलोडर व्हॉल्व्हमध्ये किंवा एअर ड्रायरमध्येच असतो. टाकीत साधारण ८ किलो हवा झाली की तो कॉम्प्रेसरची हवा बाहेर सोडतो, तोच तो ‘फुस्स’ आवाज. काटा ७ च्या आसपास उतरला की परत भरायला लावतो. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे थोडे बदलतात. हवा किती वेगाने भरते याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमचा काटा उशिरा का होईना ८ ला पोचून फुस्स होत असेल, तर गव्हर्नर ठीक आहे. काटा ६ किंवा साडेसहालाच थांबून फुस्स होत असेल, तरच सेटिंगकडे वळायचं, तेही आधी टाकीला वेगळा मीटर लावून. गाडीतला काटाच खोटं दाखवत असला तर चांगली सेटिंग बिघडवून बसाल.

एक गोष्ट मात्र आजच पाहा. गाडी चालू करा, हवा भरत असताना ड्रायरच्या खालच्या तोंडाशी हात धरा. भरताना तिथून अजिबात हवा यायला नको. येत असेल तर आतल्या व्हॉल्व्हवर कचरा किंवा गंज अडकलाय, आणि कॉम्प्रेसर जे भरतो ते तिथूनच रस्त्यावर चाललंय. ड्रायर खोलून साफ करून किट टाकलं की काम होतं.

तिथून हवा येत नसेल तर खरा प्रश्न एकच राहतो: हवा कमी तयार होतेय, की तयार झालेली कुठंतरी निघून जातेय? हे कानाने ठरवू नका, घड्याळाने ठरवा.

गाडी सपाट जागी लावा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. टाकी ८ पर्यंत भरा आणि इंजिन बंद करा. मिनिटभर काटा स्थिर होऊ द्या. आता हँडब्रेक लावलेला ठेवून ५ मिनिटं काटा पाहा. मग टाकी परत भरून, हँडब्रेक सोडून ५ मिनिटं पाहा. शेवटी पुन्हा भरून, ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून धरा, पहिल्यांदा काटा उतरेल तो सोडून द्या आणि त्यानंतर २ मिनिटं पाहा. अमेरिकेतल्या तपासणीत एकट्या ट्रकला पेडल न दाबता मिनिटाला २ पीएसआय आणि दाबून धरल्यावर ३ पीएसआयपर्यंत उतार चालतो. आपल्या हिशेबात पहिल्या दोन वेळा ५ मिनिटांत ०.७ किलोच्या आत आणि पेडलवर २ मिनिटांत ०.४ किलोच्या आत. चांगली ठेवलेली गाडी याच्या निम्म्यानेही उतरत नाही.

तीन वेळा पाहायचं कारण असं, की प्रत्येक वेळी वेगवेगळ्या पाइपांत हवा असते. हँडब्रेक लावलेला असतो तेव्हा स्प्रिंग ब्रेकच्या चेंबरमध्ये हवाच नसते, त्यामुळे तिथली गळती दिसत नाही. हँडब्रेक सोडला की ती उघडी पडते. आणि चाकाच्या चेंबरचा पडदा फाटलेला असेल तर तो फक्त पेडल दाबल्यावर बोलतो.

आता सकाळी टाकी रिकामी मिळण्याबद्दल. लोक त्यावरून ‘फार गळती आहे’ म्हणतात. मिनिटाला ०.०१ किलो एवढी बारीक गळती असली तरी ८ किलो हवा तेरा-चौदा तासांत निघून जाऊ शकते. पण असल्या गळतीने हवा भरायला उशीर होत नाही, कॉम्प्रेसर तिला सहज पुरून उरतो. टाकी रात्रीतून रिकामी होणं आणि हवा उशिरा भरणं हे दोन वेगळे आजार समजा.

दुसरी तपासणी भरण्याच्या वेगाची. हँडब्रेक लावलेलाच ठेवा, टाक्यांचं पाणी आणि हवा काढून टाका, इंजिन १२००-१५०० आरपीएमवर धरा. ६ ते ७ किलो व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. ४५ सेकंदांच्या आत झालं तर उत्तम, दीड मिनिट लागलं तर हवा कमी तयार होतेय. शून्यापासून काटा कसा चालतो तेही पाहा. पहिल्यापासूनच रेंगाळत असेल तर बहुधा हवेचा रस्ता तुंबलाय. ४-५ पर्यंत झपाट्याने येऊन पुढे अडखळत असेल तर गळती किंवा कॉम्प्रेसरची झीज, कारण दाब वाढेल तशी दोन्हींतून निसटणारी हवा वाढत जाते.

मागे अकोटकडची एक १० चाकी आली होती, लक्षणं तंतोतंत तुमचीच. फूट व्हॉल्व्हच्या खालून हवा येते म्हणून एका ठिकाणी तो बदलून झाला होता, मग कॉम्प्रेसरही नवा टाकला होता, तरी फरक नाही. मालक काकुळतीला येऊन म्हणाले, "भाऊ, अजून काय काय बदलू सांगा बरं!" हँडब्रेक लावून पाहिलं तर काटा जागचा हलेना. हँडब्रेक सोडला आणि मिनिटाला ०.४ उतरायला लागला, फूट व्हॉल्व्हच्या तोंडातून सूं आवाज सुरू. हँडब्रेक परत लावला की आवाज बंद. म्हणजे फूट व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष होता. मागच्या एका स्प्रिंग चेंबरचं मधलं सील गेलं होतं. स्प्रिंगच्या बाजूची हवा त्या सीलमधून पुढच्या कप्प्यात आणि तिथून उलटी पाइपाने व्हॉल्व्हपर्यंत येऊन बाहेर पडत होती. मागच्या ब्रेकला रिले व्हॉल्व्ह असेल तर हीच हवा रिलेच्या तोंडातून येते. मागच्या चेंबरांच्या ब्रेकच्या लाइनी एकेक सोडून पाहिल्या, ज्या चेंबरच्या तोंडातून हवा आली तो बदलला.

ही गळती किती महाग पडते पाहा. टाक्या मिळून ६० लिटर धरल्या तर मिनिटाला ०.४ म्हणजे २४ लिटर हवा वाया. १६० सीसीचा कॉम्प्रेसर ७०० फेऱ्यांवर मिनिटाला ११२ लिटर हवा ओढतो, पण ७ किलोच्या विरुद्ध ढकलताना ढोबळमानाने निम्मीच टाकीत पोचते असं धरा. म्हणजे स्लोवर जवळजवळ अर्धी कमाई त्या एका सीलने खाल्ली. चालू गाडीत काटा वर का येत नव्हता याचं हे उत्तर.

पण सकाळी उशीर का? सकाळी तर हँडब्रेक लावलेलाच असतो, ते सील गळतच नाही. म्हणून सेकंद मोजले: ६ ते ७ ला ८० सेकंद, आणि सुरुवातीपासून काटा मंद. कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंतचा डिलिव्हरी पाइप सोडला. कॉम्प्रेसरकडच्या टोकाला आत काळा, दगडासारखा कार्बन, मधोमध पेन्सिल जाईल एवढंच भोक. नवा कॉम्प्रेसर टाकताना जुनाच पाइप परत लावला होता. पाइप बदलला, ८० सेकंदांचे ३५ झाले.

हा पाइप तुम्ही आवर्जून सोडून पाहा, कारण तुमचा भाग खारपाण पट्ट्याचा. रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतलं की वॉटर कूल कॉम्प्रेसरच्या हेडमध्ये क्षार बसतो, हेड थंड होत नाही, गरम हवेत तेल जळतं आणि त्याचा कार्बन पाइपात साठतो. वरून उन्हाळ्यात आपलं ४५ अंशांचं ऊन. पाइप सळईने कोरू नका, तुटलेला कार्बन पुढे ड्रायरमध्ये जातो. नवाच टाका, आणि पाण्यात कूलंट घाला.

हवा आत घेणारी बाजूही पाहा. जिनिंगच्या आवारात गाडी तासन्‌तास उभी राहते, रुईचे तंतू फिल्टरवर नमद्यासारखे बसतात. कॉम्प्रेसर आत घेऊच शकला नाही तर देणार कुठून?

एवढं सगळं ठीक निघालं तर मग कॉम्प्रेसर. इंजिन स्लोवर ठेवून त्याचा सक्शन पाइप सोडा आणि तोंडाशी तळहात धरा, पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाही लांब ठेवून. हाताला ओढ लागायला हवी. ओढीबरोबर उलटे फुत्कार येत असतील तर व्हॉल्व्ह प्लेट बसत नाही, त्याला हेडचं किट पुरतं. टाकीच्या ड्रेनमधून पाणी येणं नेहमीचंच, पण काळं चिकट तेल वारंवार येत असेल तर बहुतेक रिंगा आणि बोअर झिजले. तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं खरं धरा, फक्त पाइप आणि ड्रायरचं फिल्टर त्याच वेळी बदला, नाहीतर ते तेल नव्या कॉम्प्रेसरच्या नावावर जाईल.

बाहेरच्या सांध्यांची गळती साबणाच्या फेसाने सापडेल, ते तुम्ही घरीही करू शकता. स्प्रिंग चेंबरचा पट्टा मात्र घरी कधीच खोलू नका. आत दाबलेली स्प्रिंग निसटली तर समोरच्या माणसाचा जीव जातो. ती बोल्टने आवळून बांधूनच चेंबर उतरवतात. आणि दुरुस्ती होईपर्यंत हवेचा लाल दिवा किंवा बझर चालू असताना गाडी जागेवरून हलवू नका. रस्त्यात लागला तर लगेच कडेला घ्या, टाकी पूर्ण भरल्याशिवाय पुढे निघू नका, विशेषतः भरलेल्या गाडीने घाट उतरायचा असेल तेव्हा.