कंगाल व्हायला किती पावलं?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): कॅन्टीनमध्ये मित्राबरोबर रुपया-रुपया लावून छापा-काटा खेळतो. माझ्याकडे १० रुपये असतात, त्याच्याकडे ३०. कुणाचे तरी संपेपर्यंत खेळायचं. नाणं चोख आहे, तरी बहुतेक वेळा मीच का कंगाल होतो?

नाणं चोख आहे, पण तुम्ही उभे आहात ती जागा मधली नाही. आयर्विन पूल फक्त चाळीस पावलांचा आहे अशी कल्पना करा. सांगलीकडचं टोक म्हणजे तुमचे शून्य रुपये, सांगलीवाडीकडचं टोक म्हणजे सगळे चाळीस. तुम्ही सांगलीच्या टोकापासून दहाव्या पावलावर आहात. छापा पडला की एक पाऊल पुढे, काटा पडला की एक मागे, आणि कुठल्याही टोकाला पोचलात की खेळ खलास. तिथून परत फिरता येत नाही, म्हणून या टोकांना शोषक सीमा म्हणतात.

आता प्रत्येक पावलावर कंगाल होण्याची शक्यता लिहीत जा. कुठल्याही जागेवरून पुढची फेक तुम्हाला निम्म्या वेळा डावीकडे नेते, निम्म्या वेळा उजवीकडे. म्हणून त्या जागेची शक्यता ही दोन्ही शेजाऱ्यांची बरोबर सरासरी असते. प्रत्येक आकडा शेजाऱ्यांची सरासरी असेल तर सगळे आकडे एका सरळ रेषेत बसतात, ताणून बांधलेल्या दोरीसारखे. एका टोकाला शक्यता १, दुसऱ्या टोकाला ०, मग दहाव्या पावलावर ३०/४०, म्हणजे ७५ टक्के.

यात मित्राचा फायदा काहीच नाही. चारात एकदा तुम्ही जिंकता तेव्हा ३० रुपये कमावता आणि तीनदा १० गमावता. हिशेब शून्यावर येतो.

प्रश्न (मिरज): आम्ही गोव्याला चाललोय. रूलेटवर लाल रंगावर खेळून हजाराचे दोन हजार करायचे आहेत. दहा-दहा रुपये लावले तर जास्त वेळ टिकू, म्हणजे संधीही वाढेल ना?

टिकाल जास्त वेळ, जिंकाल कमी वेळा. एकच शून्य असलेल्या चक्रावर ३७ घरं असतात आणि त्यांतली १८ लाल. म्हणजे हरण्याच्या आणि जिंकण्याच्या शक्यतांचं गुणोत्तर १९/१८. त्याला r म्हणू.

इथे दोरी सरळ राहत नाही. कंगाल टोकाकडून निघालात की प्रत्येक पावलाला कंगाल होण्याची शक्यता थोडी उतरते, आणि पुढच्या पावलाची उतरण मागच्या पावलाच्या r पट असते. सुरुवातीला उतार जवळपास सपाट, शेवटी तो खडा होतो. तुम्ही दोन्ही टोकांपासून n पावलं दूर, म्हणजे बरोबर मध्ये उभे असाल, तर डाव्या अर्ध्यातली एकूण उतरण आणि उजव्या अर्ध्यातली यांचं प्रमाण १ : rⁿ येतं. डावीकडे झालेली उतरण हीच तुमची जिंकण्याची शक्यता:

`1 / (1 + r^n)`

शंभर-शंभर लावलेत तर n = १०. १९/१८ चा दहावा घात सुमारे १.७२, म्हणून जिंकण्याची शक्यता ३६.८ टक्के. दहा-दहा लावलेत तर n = १००. शंभरावा घात सुमारे २२३ येतो, आणि शक्यता २२४ त एक, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्याही आत! सगळे हजार एकदम लावले तर ती थेट १८/३७, ४८.६ टक्के. चक्र तेच, पैसे तेच, फक्त पावलाची लांबी बदलली. एका फेरीतला बारीक तोटा चिमूटभर असतो, पण लहान डावांत तो शेकडो वेळा वसूल होतो.

एक अट विसरू नका. हे सूत्र प्रत्येक डाव सारख्याच रकमेचा असेल तरच चालतं. हरलं की दुप्पट लावणाऱ्यांचा हिशेब वेगळा.

प्रश्न (सातारा, कॉम्प्युटरचा विद्यार्थी): १० आणि ३० रुपयांचा खेळ प्रोग्रॅममध्ये दहा हजार वेळा चालवला. फार लांबू नये म्हणून प्रत्येक खेळ १०० फेकींवर तोडला. संपलेल्या खेळांत कंगाल होण्याचं प्रमाण ९९ टक्के आलं! ७५ का नाही?

कात्री चुकीच्या जागी बसली. चोख नाण्याच्या या खेळाला सरासरी १० × ३०, म्हणजे ३०० फेकी लागतात. शंभर फेकींत जवळचं टोक गाठणं सोपं, सुमारे ३२ टक्के खेळ तिथे संपतात. लांबचं टोक मात्र हजारात तीनाहून कमी खेळांना गाठता येतं. उरलेले दोन-तृतीयांश खेळ तुम्ही फेकून दिलेत, आणि पुढे जिंकणारे जवळपास सगळे त्यांतच होते.

फेकींची मर्यादा काढा, अट फक्त `while 0 < x < 40` ठेवा. घाबरू नका, हा खेळ कधी ना कधी संपतोच. दहा हजार खेळांत चूक साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते, त्यामुळे उत्तर ७४ ते ७६ च्या मध्ये यायला हवं. तसं आलं नाही तर पाऊल ठरवणारी ओळ तपासा. शून्य-एक काढून ते +१/−१ मध्ये बदलायचं राहून गेलं, तर चाल नुसतीच पुढे सरकते आणि कंगाल होण्याचं प्रमाण शून्य दिसतं.